व्याजाच्या नोटिशीचं उत्तर ओळीओळीने

*ताई, मी नाशिकरोडला राहतो, वय 69, नोट प्रेसमधून निवृत्त. प्राप्तिकर खात्याची कलम 133(6) ची नोटीस आली आहे. आर्थिक वर्ष 2023-24 च्या रिटर्नमध्ये मी व्याज 64,300 रुपये दाखवलं होतं, बँकांनी म्हणे 2,42,200 कळवलंय. एवढं व्याज माझ्या हातात कधी पडलंच नाही. सहकारी बँकेत 10 लाखांची एफडी आहे, तिचे पैसे 2028 ला एकदम मिळणार. दुसरी एक 6,40,000 ची आहे, पैसे मिसेसचे, पण नाव माझं पहिलं. मुलगा म्हणतो, सगळं मान्य करा, भरा आणि मोकळे व्हा. शेजारचे म्हणतात, सरळ नाकारून टाका. 15 दिवसांत उत्तर मागितलंय, त्यातले 5 गेले. रिटर्न जुन्या करप्रणालीने आणि मुदतीत भरलं होतं. त्याची प्रत आणि नोटीस सोबत जोडतो. काय करू?*

नमस्कार काका,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दोन गोष्टी निरोपाने कळवल्या होत्या: प्राप्तिकराच्या पोर्टलवर एकही बटण दाबू नका, आणि तिन्ही बँकांकडून व्याजाचे दाखले मागा. आता सविस्तर लिहिते. 1,77,900 रुपयांचा जो फरक खात्याने काढलाय तो एका जातीचा नाही. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. त्यामुळे सरसकट मान्य करणंही चूक आणि सरसकट नाकारणंही चूक.

आधी नोटिशीबद्दल. 133(6) ची नोटीस म्हणजे कराची मागणी नव्हे. खात्याला बँकांकडून माहिती मिळाली, ती तुमच्या रिटर्नशी जुळली नाही, म्हणून खातं तुम्हाला विचारतंय. ही पडताळणी 2021 साली आलेल्या ई-व्हेरिफिकेशन योजनेखाली होते. या टप्प्यावर तुमचं रिटर्न उघडून पुन्हा कर-निर्धारण सुरू झालेलं नसतं, म्हणून राहून गेलेलं उत्पन्न स्वतःहून दाखवायची वाट, म्हणजे अपडेटेड रिटर्न, अजून मोकळी आहे. हीच नोटीस कलम 143(2) ची, म्हणजे रिटर्नच्या छाननीची, असती तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण ते कामकाज चालू असताना अपडेटेड रिटर्न भरता येत नाही. म्हणून नोटीस हातात आली की रकमेच्याही आधी कलम बघायचं. तुम्ही ते पत्रात लिहिलंत, फार बरं झालं.

नोटीस खरी आहे का हेही एकदा बघून घ्या. तिच्यावर डीआयएन नावाचा लांबलचक क्रमांक असतो. incometax.gov.in च्या पहिल्याच पानावर `Authenticate Notice/Order Issued by ITD` असा दुवा आहे, तिथे तो क्रमांक टाकला की खात्याने ती काढली की नाही ते कळतं, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून मात्र आत जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा. उत्तरही पोर्टलवरच द्यायचं आहे, लॉगिन करून `Pending Actions` मध्ये `Compliance Portal`, आणि तिथे `e-Verification`. कागद घेऊन गडकरी चौकातल्या कार्यालयात गेलात तर हेलपाटा पडेल, उत्तर दिल्याची नोंद होणार नाही. आणि उत्तर न देता गप्प बसू नका. 133 खाली मागितलेली माहिती वेळेत दिली नाही तर दिवसाला 500 रुपये दंडाची तरतूद आहे.

आता एआयएस उघडा, म्हणजे तुमच्या पॅनवर कोणी काय कळवलं ते दाखवणारं पोर्टलवरचं पत्रक. वर्ष निवडताना सांभाळा, तिथे आर्थिक वर्ष 2023-24 घ्यायचं आहे. व्याज दोन मथळ्यांखाली दिसेल: `Interest from savings bank` आणि `Interest from deposit`. मथळ्यावर टिचकी मारली की कुठल्या बँकेने, कुठल्या खात्यावर, किती कळवलं ते उलगडतं. तुमच्या नोटिशीच्या जोडपत्रावरून मला दिसतंय ते असं: मोठ्या बँकेचं एफडीचं व्याज 58,000, त्याच बँकेचं पुन्हा 58,000, बचत खात्याचं 6,300, सहकारी बँकेचं 71,900 आणि तिसऱ्या बँकेचं 48,000. बेरीज 2,42,200. आकडे मी शेकड्यात घेतलेत. तुम्ही उत्तर देताना दाखल्यावरचे रुपये जसेच्या तसे लिहा.

दाखल्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण अर्धी उत्तरं इथेच फसतात. बँकेत जाऊन नुसतं "व्याजाचा दाखला द्या" म्हटलं तर काउंटरवरून बऱ्याचदा जो कागद मिळतो त्यात फक्त दिलेलं व्याज असतं, म्हणजे तुमच्या खात्यात जमा झालेलं. मुदतीअखेर मिळणाऱ्या एफडीवर त्या रकान्यात शून्य येतं. माणूस खूश होतो, तो कागद पोर्टलवर चढवतो, आणि त्याच बँकेने प्राप्तिकर खात्याला कळवलेले 71,900 तिकडे तसेच उभे राहतात. दाखल्यावर दोन रकाने हवेत, दिलेलं व्याज आणि जमा धरलेलं म्हणजे उपार्जित व्याज. शिवाय एफडीचा क्रमांक हवा, कापलेला टीडीएस हवा, आणि कालावधी 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 असाच हवा. मागे एका आजींना त्यांच्या बँकेने जानेवारी ते डिसेंबरचा दाखला छापून दिला होता. तो कशाशीच जुळेना, आणि दुसरा मिळेपर्यंत मुदतीतला आठवडा गेला. दाखला हातात पडला की काउंटरवरून हलायच्या आधी तारखा वाचा.

आता एकेक ओळ घेऊ.

मोठ्या बँकेचे दोनदा आलेले 58,000 सगळ्यात सोपे. बँक प्राप्तिकर खात्याला दोन वेगवेगळी विवरणं पाठवते. दर तिमाहीला कापलेल्या टीडीएसचं, आणि वर्षातून एकदा कोणाला किती व्याज दिलं त्याचं. व्याज एकच असतं, पण ते दोन्हीकडून एआयएसमध्ये उतरतं. बहुतेक वेळा संगणक ते ओळखून एकच धरतो. तुमच्या बाबतीत ते जुळलेलं नाही. ओळखायची खूण अशी: टीडीएसच्या भागात 14,500 च्या चार नोंदी आहेत, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या तिमाहीच्या, आणि दुसऱ्या भागात 58,000 ची एकच. चार तिमाह्या मिळून तेच 58,000 होतात, आणि बँकेच्या दाखल्यावर तुमच्या दोन्ही एफडींचं मिळून वर्षाचं व्याज 58,000 एवढंच आहे. म्हणजे ही दुहेरी नोंद आहे, वेगळं उत्पन्न नाही.

मात्र दोन्हींपैकी कुठली नोंद दुहेरी म्हणायची हे महत्त्वाचं. टीडीएसच्या नोंदीला हात लावू नका. त्या ओळीवर 5,800 रुपये कापले गेलेत आणि त्याचं क्रेडिट तुम्ही रिटर्नमध्ये घेतलंय. ती ओळच माझी नाही म्हटलं तर कापलेल्या करावर तुमचा हक्क कसला, असा प्रश्न उभा राहतो. वार्षिक विवरणातली जी 58,000 ची एकटी नोंद आहे, तिच्यापुढे `Information is duplicate / included in other information` हा पर्याय निवडा आणि ती कुठल्या नोंदीत धरलेली आहे ते दाखवा. बचत खात्याचे 6,300 आणि टीडीएसच्या भागातले 58,000 तुम्ही दाखवलेलेच आहेत, तिथे `Information is correct`.

दुसरी ओळ सहकारी बँकेची, आणि खरा मुद्दा इथे आहे. तुम्ही म्हणता व्याज हातात आलं नाही, ते खरंच आहे. एप्रिल 2023 मध्ये 7 टक्क्यांनी ठेवलेले 10 लाख, दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळतं, आणि पाच वर्षांनी हातात 14,14,778 पडतात. पण बँकेच्या वहीत पहिल्या वर्षाअखेर ते 10,71,900 झालेत. हे वरचे 71,900 बँकेने त्या वर्षीचं तुमचं व्याज म्हणून धरले, त्यावर 10 टक्के म्हणजे 7,190 रुपये टीडीएसही भरला आणि खात्याला कळवलं. ज्येष्ठ नागरिकाला त्या वर्षी एका बँकेतून 50,000 च्या वर व्याज झालं की टीडीएस कापायचा असा नियम होता, म्हणून तो कापला गेला. तुम्ही त्या व्याजाचाही उल्लेख केला नाही आणि 7,190 चं क्रेडिटही घेतलं नाही. म्हणजे तुमचाच भरलेला कर दोन वर्षं तिथे पडून आहे.

इथे कोणी तरी तुम्हाला सांगेल की व्याज हातात येईल तेव्हाच दाखवलं तरी चालतं. त्यात तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावत नाही. कलम 145 प्रमाणे इतर उत्पन्न रोख पद्धतीने, म्हणजे मिळेल तेव्हा, दाखवता येतं. अट एवढीच की ती पद्धत सगळ्या ठेवींना आणि सलग दरवर्षी लावायची. तसं केलंत तर कापलेला टीडीएसही त्या वर्षी घेता येत नाही, तो पुढे ओढत न्यावा लागतो, आणि त्यासाठी तुमचा आयटीआर-1 पुरत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो. 2028 मध्ये 4,14,778 रुपयांचं व्याज एकाच वर्षात उत्पन्नावर येऊन बसेल. तुमचं पेन्शन महागाई भत्त्याने वाढत जाणार. त्या वर्षी करपात्र उत्पन्न 10 लाखांच्या वर गेलं तर वरच्या रकमेवर जुन्या प्रणालीत 30 टक्के कर लागेल, आज तुम्ही 20 टक्क्यांत आहात. शिवाय तोवर दरवर्षी बँकेचा आकडा आणि तुमचा आकडा वेगळा राहणार, म्हणजे अशा नोटिसा येत राहण्याची शक्यता. मी तुमच्या जागी असते तर दरवर्षीचं व्याज दरवर्षी दाखवलं असतं. तेव्हा या ओळीपुढेही `Information is correct`, आणि हे 71,900 अपडेटेड रिटर्नमध्ये घ्यायचे.

तिसरी ओळ काकूंच्या पैशांची. बँक संयुक्त ठेवीचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते, तुम्ही वेगळं लिहून दिलेलं नसेल तर. म्हणून 6,40,000 चं साडेसात टक्क्यांनी आलेलं 48,000 तुमच्या पॅनवर बसलं. पण कर नावाच्या क्रमावर ठरत नाही, पैसा कोणाचा यावर ठरतो. तेव्हा मी तुम्हाला फोनवर जो प्रश्न विचारला तोच खात्याचा अधिकारी विचारणार: ते 6,40,000 काकूंकडे आले कुठून?

तुम्ही सांगितलंत की काकूंच्या माहेरची सिन्नरची जमीन विकली तेव्हा त्यांच्या वाट्याचा चेक त्यांच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा झाला, आणि तीन आठवड्यांनी त्याच खात्यातून ही एफडी झाली. असं असेल तर काकूंच्या पासबुकाचं ते एक पान हाच तुमचा सगळा पुरावा. एका ओळीत चेक जमा, खालच्या ओळीत एफडीला गेलेली रक्कम. त्या पानाची स्वच्छ प्रत काढा, दोन्ही ओळींना पेन्सिलीने खूण करा, आणि जमिनीच्या व्यवहाराच्या कागदातलं काकूंचं नाव असलेलं पान सोबत जोडा. जाडजूड फाइल करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण ही चूक प्रामाणिक माणसंही करतात. तुमच्या ग्रॅच्युइटीतून किंवा पेन्शनमधून काकूंच्या नावावर पैसे टाकून एफडी केली असती, तर नाव कोणाचंही पहिलं असो, त्याचं व्याज कलम 64 प्रमाणे तुमच्याच उत्पन्नात धरावं लागलं असतं. "पैसे बायकोचे" हे घरातलं बोलणं आणि कायद्यातलं बोलणं यांत इथे फरक पडतो. पासबुकाचं ते पान उघडून बघा. ती रक्कम खरोखर माहेरच्या चेकमधूनच आलेली दिसली तरच पुढे लिहिलेलं करा. तुमच्या खात्यातून वळती झालेली दिसली तर ते 48,000 सुद्धा तुमचेच धरा आणि अपडेटेड रिटर्नमध्ये मिळवा.

पैसा काकूंचाच आहे असं दिसलं की एआयएसमध्ये त्या ओळीपुढे `Information relates to other PAN/Year` निवडायचं, काकूंचा पॅन आणि 48,000 ची रक्कम लिहायची. `Information is denied` निवडू नका. त्याचा अर्थ असं व्याजच नाही असा होतो, आणि व्याज तर आहे. तुमचं म्हणणं पडताळायला खातं बँकेकडे पाठवू शकतं. बँकेच्या नोंदीत पहिलं नाव तुमचं असल्याने ती नाही म्हणण्याचा संभव आहे. म्हणून त्याआधीच शाखेत दोघांच्या सहीचं पत्र देऊन ठेवा, की या ठेवीचा पैसा दुसऱ्या खातेदाराचा आहे, व्याज त्यांच्या पॅनवर कळवावं. पत्राच्या तुमच्याकडच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ती प्रतही उत्तराला जोडा. या ठेवीवर टीडीएस कापलेला नाही, 50,000 च्या आत असल्यामुळे, त्यामुळे क्रेडिट कोणी घ्यायचं हा गुंता तुमच्याकडे नाही. काकूंना दुसरं उत्पन्न नाही म्हणालात, मग 48,000 साठी त्यांना करही नाही आणि रिटर्नही भरावं लागत नाही. पण त्यांच्या एआयएसमध्ये ही रक्कम आता दिसेल, त्याने घाबरू नका.

आता हिशेब. तुमच्या रिटर्नप्रमाणे करपात्र उत्पन्न 5,52,300 आहे. त्यात 71,900 मिळवले तरी तुम्ही 20 टक्क्यांच्याच टप्प्यात राहता. व्याजावरची कलम 80टीटीबी ची 50,000 ची वजावट तुम्ही मूळ रिटर्नमध्ये पूर्ण घेतलेली आहे, त्यामुळे आता तिचा जास्त फायदा नाही. 71,900 वर 20 टक्के म्हणजे 14,380, त्यावर 4 टक्के उपकर 575, मिळून 14,955. यातून बँकेने कापलेले 7,190 वजा करायचे. मूळ रिटर्नमध्ये ते घेतलेले नाहीत आणि ज्या व्याजावर कापले तेच व्याज आता दाखवतोय, म्हणून ते मिळतात. राहिले 7,765. तुमचं वय 60 च्या वर आणि धंदा-व्यवसाय नाही, म्हणून आगाऊ कराचं बंधन तुम्हाला नव्हतं आणि त्यापोटी लागणारं 234बी, 234सी चं व्याजही लागत नाही. मूळ रिटर्न मुदतीत होतं, म्हणून उशिराचंही नाही.

अपडेटेड रिटर्नवर जादा कर असतो. आर्थिक वर्ष 2023-24 चं कर-निर्धारण वर्ष 2024-25, ते 31 मार्च 2025 ला संपलं. त्यापासून 12 महिन्यांच्या आत, म्हणजे 31 मार्च 2026 पर्यंत, भरलं तर 25 टक्के जादा. 7,765 वर ते 1,941 होतात, एकूण 9,706. एप्रिल उजाडला की तोच जादा कर 50 टक्के होतो, म्हणजे 3,883, आणि एकूण 11,648. म्हणून हे काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि तुमचा मुलगा म्हणतो तसं सगळे 1,77,900 मान्य केले असते तर? त्यावर कर आणि उपकर 37,003, टीडीएस वजा जाता 29,813, त्यावर 25 टक्के 7,453, एकूण 37,266 रुपये. म्हणजे 27,560 रुपये तुम्ही दोनदा मोजलेल्या आणि दुसऱ्याच्या व्याजावर जास्त भरले असते. ते परत मागायलाही जागा नाही. एका वर्षासाठी अपडेटेड रिटर्न एकदाच भरता येतं, आणि कर कमी करण्यासाठी किंवा परतावा मिळवण्यासाठी ते भरताच येत नाही. मुलाचा हेतू चांगला आहे, बापाला कटकट नको असं त्याला वाटतं. त्याला हा हिशेब दाखवा.

उलट शेजाऱ्यांचं ऐकून 71,900 नाकारले असते, तर बँकेने दुसऱ्याच दिवशी टीडीएसचा पुरावा दिला असता. मग कलम 148 खाली पुन्हा कर-निर्धारणाची कारवाई, आणि कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या 50 टक्के दंड. जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं तर 200 टक्के.

कामाचा क्रम असा ठेवा. दाखले आले की आधी एआयएसमध्ये ओळीओळीला वर सांगितलेला अभिप्राय नोंदवा आणि त्याची पोच उतरवून घ्या. मग चलन भरा. चलनावर कर-निर्धारण वर्ष 2024-25 निवडायचं आहे. इथे फार लोक नोटिशीतलं 2023-24 बघून तेच निवडतात, आणि पैसे आदल्याच वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात. निघालेली रक्कम दहाच्या पटीत धरून 9,710 भरा. मग अपडेटेड रिटर्न म्हणून कलम 139(8ए) खाली तोच आयटीआर-1 पुन्हा भरायचा. कारण विचारतील तिथे `Income not reported correctly`. चलनाचा तपशील त्यात लिहा, आधार ओटीपीने पडताळणी त्याच बैठकीत करून टाका. पडताळणी राहिली तर रिटर्न भरलं असं धरत नाहीत.

शेवटी नोटिशीचं उत्तर. अधिकारी कुठल्या गावचा असेल सांगता येत नाही, म्हणून इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, पण साध्या वाक्यांत. मजकुराचा सांगाडा मी मराठीत देते, तुमच्या मुलाला उतरवायला सोपा पडेल:

"नोटिशीत नमूद 2,42,200 रुपयांपैकी 64,300 मूळ रिटर्नमध्ये दाखवलेले आहेत. 58,000 ही त्याच बँकेच्या त्याच ठेवींच्या व्याजाची दुहेरी नोंद आहे. बँकेचा दाखला, जोडपत्र 1. 48,000 हे संयुक्त ठेवीचं व्याज असून ठेवीचा पैसा माझ्या पत्नीचा आहे, त्यांचा पॅन सोबत दिला आहे. पासबुकाची प्रत व बँकेला दिलेलं पत्र, जोडपत्र 2. 71,900 हे मुदत ठेवीवरील उपार्जित व्याज मूळ रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं होतं. ते अपडेटेड रिटर्नमध्ये दाखवून कर भरला आहे. रिटर्नची पोच व चलन, जोडपत्र 3."

यापेक्षा जास्त लिहू नका. वय, आजारपण, बँकेने सांगितलं नाही, हे सगळं खरं असलं तरी त्याने आकडा जुळत नाही. चार रकमांची बेरीज 2,42,200 येते का तेवढं मात्र दोनदा तपासा. अधिकारी पहिल्यांदा तीच करून बघतो.

तुमच्याकडे 10 दिवस आहेत. सहकारी बँकेचा दाखला मिळायला वेळ लागला आणि रिटर्न मुदतीत झालं नाही, तर उत्तर थांबवू नका. 58,000 आणि 48,000 चं स्पष्टीकरण कागदांसह द्या, 71,900 मान्य असून अपडेटेड रिटर्न भरत आहे असं लिहा, आणि भरल्यावर पोच क्रमांक कळवा.

आणखी दोन कामं आहेत. तुमचं आर्थिक वर्ष 2024-25 चं रिटर्नही उघडून बघा. त्याच एफडीचं दुसऱ्या वर्षाचं व्याज साधारण 77,000 होतं, मुद्दल वाढल्यामुळे जास्त. पहिल्या वर्षी राहिलं तसं तेही राहिलं असणार. त्याची सुधारित रिटर्नची मुदत 31 डिसेंबर 2025 ला गेली, पण अपडेटेड रिटर्न 25 टक्के जादा भरून 31 मार्च 2027 पर्यंत भरता येतं. एक काम चालूच आहे तर ते नोटीस यायची वाट न बघता याच महिन्यात उरका.

दुसरं, पतसंस्थेत काही ठेव असेल तर तिचा दाखलाही काढा. नाशिकमध्ये बहुतेक घरांत अशी एखादी पावती कपाटात असतेच. पतसंस्थेचं व्याज पुष्कळदा एआयएसमध्ये दिसत नाही, पण त्यावर कर लागतो, आणि एआयएसमध्ये नव्हतं हे उत्तर चालत नाही. तशी ठेव निघाली तर अपडेटेड रिटर्न भरण्याआधी मला कळवा. ते एकदाच भरता येतं, त्यात सगळं एकदम यायला हवं.